वीज चमकली, प्रिंटर गेला: पण आतलं नेमकं काय गेलं?

मे महिन्याचा मधला आठवडा. देवगडात आंब्याची शेवटची तोड चालू असते आणि नेमका त्याच दिवसांत वळीव येतो. अशाच एका सकाळी जामसंड्याहून एका दुकानदार काकांचा फोन आला. सातबारा काढून देणं, झेरॉक्स, आंबेवाल्यांची बिलं छापून देणं हा त्यांचा धंदा. "रात्री मोठी इज पडली. दोन्ही प्रिंटर गेले. एकाचो लाईटच पेटणा नाय, दुसऱ्याचो पेटता पण पुढे काय करणा नाय. पेटता तो तरी वाचतलो मा?"

बहुतेकांना काकांसारखंच वाटतं. ज्याचा दिवा लागतो तो थोडक्यात बचावला, ज्याचा लागत नाही तो कायमचा गेला. त्या दिवशी झालं उलटं. ठार मेलेला दिसणारा प्रिंटर साडेचारशे रुपयांत उभा राहिला आणि दिवा लागणाऱ्याचा मेन बोर्ड गेलेला निघाला. असं का होतं हे कळलं, तर दुरुस्तीवाल्याने "बोर्ड गेला" म्हटल्यावर त्याला काय विचारायचं तेही कळतं. म्हणून ही दोन्ही मशिनं आतून दाखवतो.

आधी वीज किती चढते ते बघू. आपल्या घरात 230 व्होल्ट येतात. पावसाळ्याच्या तोंडाला ते दोन तऱ्हांनी बिघडतात. पहिली तऱ्हा आकाशातल्या विजेची. ती घरावर पडावीच लागते असं नाही. जवळपास कुठे पडली तरी खांबावरच्या तारांत किंवा अंगणातून ओढलेल्या कुठल्याही लांब केबलमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतोही. दुसरी तऱ्हा न्यूट्रल तुटण्याची. वाऱ्यात माड किंवा फांदी लाईनीवर पडते, न्यूट्रलची तार सुटते आणि तीन फेजवरची घरं एकमेकांच्या भारावर लटकतात. ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज 230 वरून 400 च्या दिशेने चढतं, आणि वायरमन येऊन तार जोडेपर्यंत तसंच राहतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळासारख्या दिवसांत तर दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात.

प्रिंटरच्या आत ह्या विजेच्या वाटेवर पहिला लागतो तो पॉवर बोर्ड. त्याचं काम एवढंच, की भिंतीतले 230 व्होल्ट घ्यायचे आणि त्यांचे लहान, सुरक्षित व्होल्ट करून पुढे द्यायचे. साध्या लेसर प्रिंटरमध्ये मोटरसाठी साधारण 24 आणि विचार करणाऱ्या भागासाठी 5 किंवा 3.3. हा विचार करणारा भाग म्हणजे मेन बोर्ड. कॉम्प्युटरकडून आलेली फाईल समजून घेणं, बटणं आणि स्क्रीन सांभाळणं, कागद कधी ओढायचा ते ठरवणं, सगळं त्याच्यावर. यूएसबीचं भोक आणि लॅनचं भोकही मेन बोर्डावरच बसवलेलं असतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच महत्त्वाची ठरते.

पॉवर बोर्डाच्या दाराशी दोन राखणदार असतात. एक फ्यूज. दुसरी छोटी गोल चकती, बहुतेकदा निळ्या रंगाची, हिला व्हॅरिस्टर म्हणतात. नेहमीच्या व्होल्टेजला ही चकती गप्प बसते. व्होल्टेज फार चढलं की ती स्वतःतून वीज वाहू देते, म्हणजे तो लोंढा पुढच्या नाजूक भागात शिरत नाही. झटका क्षणाचा आणि लहान असेल तर ती तो पचवते, मात्र प्रत्येक वेळी थोडी थोडी कमजोर होत जाते. झटका मोठा असेल, किंवा न्यूट्रल तुटून 400 व्होल्ट मिनिटभर राहिले, तर चकती तापते, फुटते, शॉर्ट होते आणि ह्या शॉर्टमुळे फ्यूज उडतो. प्रिंटर पूर्ण बंद. एकही दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, काही नाही.

काकांच्या पहिल्या प्रिंटरचं हेच झालं होतं. तो साधा लेसर, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडलेला, पिन थेट भिंतीत. मी आधी दुसऱ्या, चालू असलेल्या सॉकेटमध्ये लावून बघितला, कारण कधी कधी गेलेलं असतं सॉकेटच. तरी काही नाही. मग पिन काढून थोडा वेळ थांबलो आणि उघडला. हे घरी कुणी करू नये. पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चालू असताना सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि पिन काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहू शकतात. आम्हीसुद्धा तो साठा उतरवून, मीटरने खात्री करून मगच हात लावतो.

चकतीला मधोमध तडा गेला होता आणि शेजारच्या कपॅसिटरवर तिची काजळी उडाली होती. फ्यूजची काच आतून काळी पडलेली. फ्यूजची काच खूप काही सांगते. आतली तार नुसती तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल तर भार थोडाच जास्त झाला होता, किंवा फ्यूज म्हातारा झाला होता. काच काळी किंवा आरशासारखी झाली असेल, तर पुढे कुठे तरी सरळ शॉर्ट आहे, आणि तो शोधल्याशिवाय नवा फ्यूज घालणं व्यर्थ. कोणी तिथे फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळून "चालू करून दिला" असेल, तर त्याने पुढच्या झटक्याची वाट पूर्ण मोकळी करून दिलेली असते आणि आगीलाही निमंत्रण दिलेलं असतं. असे प्रिंटर माझ्याकडे येतात तेव्हा मला खरंच राग येतो.

चकती आणि फ्यूज नवे घातले. मग मेन बोर्ड आणि कागद भाजणारा फ्यूजर यांचे कनेक्टर काढून ठेवले आणि पॉवर बोर्डाला सिरीज बल्बमधून वीज दिली. सिरीज बल्ब म्हणजे वाटेत लावलेला साधा साठ वॉटचा बल्ब. पुढे अजून शॉर्ट असेल तर सगळा जोर बल्बवर येतो, तो लख्ख पेटून राहतो आणि बोर्ड वाचतो. इथे बल्ब क्षणभर लुकलुकला आणि मंद झाला, म्हणजे मोठा कपॅसिटर भरला आणि बोर्ड निरोगी आहे. मीटरवर 5 व्होल्ट आले. 24 आले नाहीत, पण घाबरण्यासारखं नव्हतं, कारण अनेक मॉडेलांत 24 व्होल्ट मेन बोर्डाने सांगितल्याशिवाय किंवा समोरचं झाकण बंद असल्याशिवाय येतच नाहीत. ह्या एका गोष्टीमुळे घाईत चांगले पॉवर बोर्ड बाद ठरवलेले मी पाहिलेत. सगळं परत जोडलं आणि मशिन नेहमीसारखं घरघरलं.

आता दुसरं मशिन, झेरॉक्स-स्कॅनवालं. ते काकांनी काळजीने स्पाईक गार्डवर लावलं होतं. गार्डने आपलं काम केलंही, कारण त्या प्रिंटरचा पॉवर बोर्ड जसाच्या तसा होता. पण घरातल्या राऊटरपासून दुकानापर्यंत अंगणातून, कलमांच्या फांद्यांवरून, तीसेक मीटर लॅन केबल ओढलेली होती. वीज चमकली तेव्हा ह्या केबलमध्ये दाब उठला. त्याला जमिनीत उतरायला वाट हवी होती, आणि तीन पिनांच्या वायरीने अर्थिंगला जोडलेला प्रिंटर ही सगळ्यात जवळची वाट. म्हणजे पुढच्या दारावर पहारा होता आणि लोंढा मागच्या दाराने आला. लॅनच्या भोकामागे इन्सुलेशन करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो साधारण 1500 व्होल्ट थोपवण्यासाठी तपासलेला असतो. घरातल्या घरातल्या केबलला तेवढं पुरतं. उघड्यावरून ओढलेल्या लांब केबलला विजेच्या दिवशी पुरत नाही.

म्हणूनच मेन बोर्ड झटक्याने जातो तेव्हा प्रिंटर सहसा ठार मेलेला दिसत नाही. तो अर्धवट जिवंत दिसतो. वीज येते, दिवे लागतात, पण सगळे एकदम लागून तसेच राहतात. किंवा स्क्रीन उजळते आणि सुरू होण्याच्या संदेशावरच अडकते. किंवा चालू होतो, बंद होतो, परत चालू होतो. बटणं दाबून उत्तर येत नाही. लॅन केबल लावली तरी भोकाजवळचे हिरवे-पिवळे दिवे मिटलेले. यूएसबीने लावला तर विंडोजच्या डिव्हाईस मॅनेजरमध्ये असं काही दिसतं:

```
Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)
```

हा संदेश एकटा पुरावा नाही. खराब केबलनेही तो येतो. म्हणून केबल बदलून आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघायचं.

झेरॉक्सवालं मशिन असेल तर घरच्या घरी करता येणारी सगळ्यात चांगली तपासणी म्हणजे, सगळ्या डेटा केबली काढायच्या, मशिन दहा मिनिटं पूर्ण बंद ठेवायचं, परत लावायचं आणि काचेवर एक कागद ठेवून झेरॉक्स काढायची. झेरॉक्सचं काम मेन बोर्डातूनच जातं. ती नीट आली तर बोर्डाचा मुख्य भाग जिवंत आहे, फक्त लॅनचा किंवा यूएसबीचा भाग गेला आहे. मग बोर्ड बदलायची घाई नको. लॅन गेलं असेल तर यूएसबी वापरा, यूएसबी गेलं असेल आणि वाय-फाय असेल तर वाय-फाय. खर्च शून्य. अशा अवस्थेत वर्षानुवर्षं चाललेली मशिनं मला माहीत आहेत, आणि तरीही त्यांच्या मालकांना कोणी ना कोणी नवा बोर्ड सुचवलेला असतो.

काकांचं मशिन मात्र सुरुवातीच्या संदेशापुढे जातच नव्हतं. झेरॉक्सचा प्रश्नच आला नाही. मागचं झाकण काढून बोर्ड पाहिला. लॅनच्या भोकामागच्या काळ्या चौकोनी चिपवर तांदळाच्या कणीएवढा फोड आला होता. पॉवर बोर्डाकडून मेन बोर्डाला 5 व्होल्ट नीट येत होते, पण मेन बोर्डावर त्यांचे जे 3.3 व्हायला हवेत तिथे मीटर 1.4 दाखवत होता, आणि ती चिप अर्ध्या मिनिटात बोट ठेववणार नाही इतकी तापली. म्हणजे चिप आतून शॉर्ट होऊन सगळ्यांच्या वाटणीची वीज पीत होती.

इथे आशा असते. अशी चिप गरम हवेने उचलून काढली की पुष्कळदा बाकीचा बोर्ड जागा होतो, लॅन तेवढं कायमचं जातं. मी ती काढली. 3.3 व्होल्ट परत आले. स्क्रीन मात्र त्याच संदेशावर थांबली. झटका चिपमधून पुढे तिच्याशी जोडलेल्या प्रोसेसरपर्यंत गेला होता. प्रोसेसर सुटा बाजारात मिळत नाही आणि मिळाला तरी छोट्या दुकानात तो बसवता येत नाही. दुरुस्तीची हद्द तिथे संपते, आणि हे काकांना स्पष्ट सांगणं माझं काम होतं.

मीटर हातात असलेल्यांसाठी एक सावधगिरी. प्रोसेसरला लागणारी सगळ्यात लहान वीज, साधारण एक व्होल्टच्या आसपासची, जिथे जाते तिथे चांगल्या बोर्डावरही जमिनीकडे अगदी कमी, कधी काही ओहमच, रोध दिसतो. तो पाहून शॉर्ट समजू नका. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या चालू बोर्डाशी ताडून बघा.

आता बदलायचं की दुरुस्त करायचं? अख्खा मेन बोर्ड बदलायचा तर नवा बोर्ड मागवता येतो, पण तो बहुतेकदा इतका महाग पडतो की विषय तिथेच मिटतो. दुसरी वाट भंगारात गेलेल्या त्याच मॉडेलच्या मशिनातला बोर्ड. आमच्याकडे तो मुंबईहून, लॅमिंग्टन रोडकडून येतो. काकांच्या मशिनसाठी भाव निघाला 3,800 रुपये, आणि तो चालतो याची हमी फक्त लावून दाखवण्यापुरती. त्यातही एक मेख असते. मेन बोर्डावर आठ पायांची एक बारीक चिप असते, तिच्यात मशिनचा नंबर, छापलेल्या पानांची मोजणी आणि स्कॅनरचं जुळवलेलं माप साठवलेलं असतं. दुसऱ्याचा बोर्ड नुसता लावला तर मशिन दुसऱ्याच मशिनची मापं धरून चालतं. झेरॉक्स वाकडी किंवा सरकलेली येऊ शकते. म्हणून काही मॉडेलांत जुनी चिप नव्या बोर्डावर उचलून बसवावी लागते, काहींत ती मापं परत भरावी लागतात. दुरुस्तीवाल्याला "जुन्या बोर्डाची मेमरी चिप घेणार का?" असं जरूर विचारा. त्याच्या उत्तरावरून तो हे काम आधी केलेला आहे का ते लगेच कळतं.

शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरचं गणित जरा वेगळं आहे. तिथे छपाईच्या हेडला वीज देणारा भाग थेट मेन बोर्डावर असतो. हेड किंवा त्याची चपटी पट्टी शाई नाहीतर खाऱ्या दमट हवेमुळे शॉर्ट असेल, तर घातलेला नवा बोर्ड पहिल्याच छपाईत जातो. किनाऱ्यावर हे होताना मी पाहिलंय, आणि गिऱ्हाईक समजतं की बोर्डच खोटा दिला. आधी हेड आणि पट्टी तपासून घ्या, मग बोर्डाला पैसे द्या.

काकांच्या मशिनवर परत येतो. "नव्या किमतीच्या निम्म्याच्या आत खर्च असेल तर दुरुस्त करा" असं सगळेच सांगतात. नवं मशिन 19,500 ला होतं. बोर्ड 3,800, मजुरी 700. निम्म्यापेक्षा खूपच कमी, म्हणजे दुरुस्ती करावी असं वाटेल. पण मशिनचं उरलेलं आयुष्य किती? पानांची मोजणी गेलेल्या बोर्डात अडकलेली, ती वाचता येईना. मग टोनरवरून काढली. पाच वर्षांत काकांनी कार्ट्रिज चाळीसेक वेळा भरून घेतलं होतं, दर वेळी साधारण 1,500 पानं, म्हणजे 60,000 च्या घरात छपाई. तसं पाहिलं तर फ्यूजरची फिल्म आणि रोलर झिजलेलेच होते. गेले दोन महिने कागदावर पुसट सावली येतेय हे काकांनीच सांगितलं. फिल्म-रोलरचे 1,600 आज नाहीतर चार महिन्यांनी लागणारच होते. एकूण झाले 6,100.

एवढे घालून मशिन आणखी दीड वर्ष चालेल असा माझा अंदाज होता. म्हणजे महिन्याला 340 रुपये, तेही कुठल्या झटक्यातून आलाय हे माहीत नसलेल्या जुन्या बोर्डावर. नवं मशिन जुन्यासारखंच पाच वर्षं चाललं तर महिन्याला 325, वर वॉरंटी. मी नवं घ्या म्हटलं. हेच मशिन दोन वर्षांचं आणि 15,000 पानांचं असतं, तर त्याच 4,500 रुपयांत मी डोळे झाकून बोर्ड बदलला असता. खर्चाच्या आकड्यापेक्षा मी मशिनच्या वयाकडे आधी बघतो, ते ह्यासाठी.

वॉरंटीबद्दल एक गोष्ट काकांना दुकानातच वाचून घ्यायला लावली. आकाशातली वीज आणि व्होल्टेजची चढउतार यांनी झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत धरत नाहीत. विमा असेल तर त्याचा कागद वेगळा काढून बघावा लागतो.

नवं मशिन वाय-फायवर लावलं आणि अंगणातली केबल काढूनच टाकली. वाय-फाय दुकानापर्यंत पोचावं म्हणून राऊटर घराच्या पडवीत आणला. काकांनी विचारलं, स्टॅबिलायझर घेऊ का? स्टॅबिलायझर हळू चढणाऱ्या-उतरणाऱ्या व्होल्टेजला बरा, पण विजेचा झटका त्याला कळायच्या आत निघून जातो. आणि कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लेसर प्रिंटर लावूच नये, फ्यूजर तापताना इतकी वीज ओढतो की यूपीएसच बसतो. स्पाईक गार्डसुद्धा अर्थिंग चांगलं असेल तरच पुरता कामाला येतो, आणि आपल्याकडच्या जांभ्याच्या सड्यावर ते उन्हाळ्यात हमखास कोरडं पडतं. वळवाच्या नेमक्या आधी. त्यामुळे काकांनी अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी घालायचं ठरवलं, आणि गडगडाट ऐकू आला की प्रिंटरची पिन भिंतीतून काढायची. यूएसबी किंवा लॅन असेल तर ती केबलही काढायची. नुसतं बटण बंद केल्याने तारा जोडलेल्याच राहतात.

जुन्या मशिनची दोन भरलेली कार्ट्रिजं वाया गेली नाहीत, ती पहिल्या लेसरला बसत होती. जुन्या मशिनचा पॉवर बोर्ड, लेसरचा डबा आणि स्कॅनरची काच मी काढून कणकवलीला घेऊन आलो. जूनच्या शेवटी नांदगाव तिठ्यावरच्या एका दुकानातलं तसंच मशिन आलं, काळ्या काचेचा फ्यूज आणि त्यामागे पार जळालेला पॉवर बोर्ड घेऊन. काकांच्या मशिनचा बोर्ड त्यात बसला आणि पहिल्याच वेळी चालू झाला.